एकतीस तारखेचे मासिक काम (क्रॉन)

युनिक्स व लिनक्स प्रणालींत ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनला ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ असे सांगितले, की ३१ दिवस नसलेल्या महिन्यांत ते काम होतच नाही. महिनाअखेरचा हिशेब काढण्यासाठी बहुधा अशी ओळ लिहिली जाते:

```
55 23 31 * * /opt/hisheb.sh
```

क्रॉनला ‘महिनाअखेर’ ही कल्पनाच ठाऊक नाही. तो दर मिनिटाला घड्याळ पाहतो आणि मिनिट, तास, तारीख, महिना व वार या पाच रकान्यांशी आत्ताची वेळ जुळते का एवढेच तपासतो. ३० एप्रिलला रात्री ११:५५ वाजता तारखेचा रकाना जुळत नाही, आणि न जुळणे ही चूक नव्हे. दिवसातली बहुतेक मिनिटे अशीच न जुळता जातात. त्यामुळे लॉगमध्ये ओळ नाही, त्रुटीचा ईमेलही नाही. हे काम वर्षातून सातदाच होते. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर व नोव्हेंबर सुटतात. जुलैत बसवलेले काम ऑगस्टमध्येही नीट चालते, म्हणून शंका सप्टेंबर संपेपर्यंत येत नाही. लॉगमध्ये त्रुटी शोधून हा दोष सापडत नाही. प्रत्येक महिन्याची फाइल तयार झाली आहे का, हेच पाहावे लागते.

दुरुस्तीसाठी काम २८ ते ३१ या चारही तारखांना जागे करावे आणि उद्या १ तारीख असेल तरच पुढे जाऊ द्यावे:

```
55 23 28-31 * * [ "$(date -d tomorrow +\%d)" = 01 ] && /opt/hisheb.sh
```

यातली `%` आधीची तिरपी रेघ गाळू नये, कारण क्रॉनटॅबमध्ये मोकळे `%` नवी ओळ मानले जाते आणि आज्ञा तिथेच तुटते. `date -d tomorrow` हे जीएनयूचे रूप आहे. मॅकवर त्याजागी `date -v+1d` लिहावे. वाराचा रकाना मात्र `*` च ठेवावा. तारीख आणि वार दोन्ही बांधले, तर क्रॉन दोहोंपैकी एक जुळले तरी काम सुरू करतो.

सिस्टमडीच्या टायमरमध्ये शेवटच्या दिवसासाठी स्वतंत्र खूण आहे:

```
OnCalendar=*-*~01 23:55:00
```

हिशेब सरलेल्या महिन्याचाच असेल, तर याहून चांगला मार्ग म्हणजे तो १ तारखेला पहाटे चालवणे. मध्यरात्रीपूर्वीच्या शेवटच्या पाच मिनिटांतले व्यवहारही मग त्यात येतात. महिन्याचे नाव स्क्रिप्टमध्ये `date -d yesterday +%Y-%m` असे कालच्या तारखेवरून काढावे. ‘एक महिना मागे’ हे गणित ३१ तारखेला फसते: २०२५ च्या ३१ मार्चमधून एक महिना वजा केला, तर जीएनयू `date` आधी ३१ फेब्रुवारी धरते आणि उत्तर ३ मार्च देते. नंतर कोणी हाताने स्क्रिप्ट ३१ तारखेला चालवली, तर ‘कालची तारीख’ चालू महिन्याची निघते. अशा वेळी महिना स्वतः सांगण्याची सोय स्क्रिप्टमध्ये हवी.