बाळाच्या नाकाला दांडा नसतो

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी मावशी तेल लावताना नाकाचं मूळ चिमटीत धरते आणि हलकेच वर ओढते. नाक सरळ यावं, धारदार यावं म्हणून. ओढल्याने नाक येत नाही, ते आपल्या वेळेनेच वाढतं. पण त्या मावशीला जे ठाऊक असतं, ते चेहरा बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला बरीच वर्षं धड ठाऊक नव्हतं: बाळाच्या नाकाला अजून दांडाच नसतो. मराठीने तर त्या वयाच्या चेहऱ्यासाठी वेगळा शब्द राखून ठेवलाय. गाल भरले की बाळाने बाळसं धरलं. मोठ्या माणसाच्या गुबगुबीत गालांना आपण कधी बाळसं म्हणत नाही.

एकाचा चेहरा दुसऱ्याच्या अंगावर बसवायचा खेळ मोठ्या माणसांच्या बाबतीत आता फोनवर मिनिटभरात होतो. तान्ह्या किंवा दुडदुडणाऱ्या बाळावर तोच प्रयोग केला की काहीतरी भलतंच तयार होतं. असं का होतं, याला एक छोटासा इतिहास आहे.

सिनेमावाल्यांना लहान मुलाच्या चेहऱ्याची अडचण जुनीच. दादासाहेब फाळक्यांनी ती सरळ बाजूला ठेवली. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर नुसता तिचा चेहरा आहे, एकामागून एक भाव बदलणारा. मुलाच्या जागी मूलच, त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्नच आला नाही.

जवळजवळ शंभर वर्षांनी हॉलिवूडने उलटी वाट धरली. 2012 साली आलेल्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतल्या शेवटच्या सिनेमात रेनेस्मे नावाची मुलगी आहे, झपाट्याने वाढणारी. ती तान्ही असतानाच्या दृश्यांसाठी आधी एक यांत्रिक बाहुली केली. ती इतकी भीतीदायक दिसली की भयपटातल्या ‘चकी’ बाहुलीवरून तिचं नाव ‘चकेस्मी’ पडलं आणि तिला सिनेमातून काढून टाकलं. मग रेनेस्मेचं काम करणाऱ्या मॅकेन्झी फॉयचा चेहरा कॉम्प्युटरने लहान बाळांवर बसवला गेला. शूटिंगच्या वेळी फॉय साधारण दहा वर्षांची होती, म्हणजे तिचाही चेहरा लहानच होता. तरी पडद्यावर दिसलं ते बाळ लोकांच्या चेष्टेचा विषय झालं. दहा वर्षांच्या मुलीला दांडा आलेला असतो, जबडा खाली उतरलेला असतो. तो चेहरा बाळाएवढा लहान केला की बाळ दिसत नाही, लहान आकाराची मोठी मुलगी दिसते.

कारण चेहरा फुग्यासारखा सगळीकडून सारखा वाढत नाही. जन्मताना कवटीचा मेंदूचा भाग चेहऱ्याच्या भागाच्या साधारण आठपट असतो, मोठेपणी जेमतेम दोन-अडीचपट. मेंदू आणि डोळे आधी मोठे होतात. नाक, जबडा, दात मागून येतात. म्हणून बाळाचे डोळे डोक्याच्या मधोमध नसून खालच्या अर्ध्यात असतात, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंतचं अंतर फार कमी असतं. 1975 साली जॉन पिटेंजर आणि रॉबर्ट शॉ या मानसशास्त्रज्ञांनी डोक्याच्या बाजूच्या रेषेवर एक गणिती ताण दिला. कपाळ आत जातं, हनुवटी बाहेर येते, एवढाच. बघणारे लगेच त्या रेषेला वय देऊ लागले. पुढे हाच ताण त्यांनी फोक्सवॅगनच्या बीटल गाडीच्या चित्रालाही दिला आणि लोकांना गाडीसुद्धा तरुण-म्हातारी दिसू लागली! वय आपल्याला सुरकुत्यांआधी प्रमाणातून कळतं, असं यातून दिसलं.

कॉम्प्युटरला चेहरा शिकवणारे मात्र दुसऱ्या टोकापासून निघाले. 1999 साली फोल्कर ब्लान्झ आणि थॉमस फेटर यांनी चेहऱ्याचा एक त्रिमितीय नमुना मांडला, ज्याला खेचून-दाबून कुठलाही चेहरा बनवता येईल. पुढच्या कित्येक कामांचा तो पाया ठरला. तो 200 माणसांच्या लेझर स्कॅनवर उभा होता, 100 पुरुष, 100 स्त्रिया, सगळे तरुण प्रौढ. यात कुणाचा कट नव्हता. स्कॅनरसमोर सांगितल्यावर स्थिर बसतो तो प्रौढच. वर्षाचं पोर तिथे दोन सेकंदही टिकणार नाही. पण परिणाम असा की त्या नमुन्याला बाळ माहीतच नाही, आणि दोनशे प्रौढांना कितीही खेचलं तरी बिनदांड्याचं नाक त्यातून निघत नाही. पुढे चेहरे ओळखायला शिकवणाऱ्या मोठ्या संग्रहांतही प्रसिद्ध माणसांचे फोटो भरले, आणि प्रसिद्ध माणसं सहसा तान्ही नसतात.

आता हे सगळं एका फोटोत काय करतं ते बघू. शिरूर तालुक्यातल्या एका आजींकडे त्यांच्या पहिल्या मुलाचा एकच फोटो आहे, कृष्णधवल, बोरन्हाणाचा. मूल अकरा महिन्यांचं, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट, गालावर तीट. ते पुढे दीड वर्षाचं होऊन गेलं. फोटो ओलीत राहिल्याने कपाळापासून डाव्या गालापर्यंत भेग पडली होती आणि नाकाच्या मुळाशी कागदाचा थरच उडाला होता. धाकट्या मुलाने तो दौंडच्या एका स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने त्या धाकट्याचाच पासपोर्ट फोटो घेतला, भाऊच आहे, चेहरा तोच असणार म्हणून, आणि तो बाळावर चढवला. आजी म्हणाल्या, हा माझा नाही. मग स्कॅन माझ्याकडे आला, कारण माझं काम सॉफ्टवेअरचं आणि स्टुडिओवाला दादा ओळखीचा.

दादाने वापरलेल्या प्रोग्रॅममध्ये `inswapper_128.onnx` ही फाइल होती. या कामासाठी फार चालते ती. असा प्रोग्रॅम आधी चेहऱ्यावर पाच बिंदू शोधतो: दोन डोळे, नाकाचा शेंडा, तोंडाचे दोन कोपरे. मग चेहरा फिरवून, लहान-मोठा करून एका ठरलेल्या साच्यात बसवतो. 112 पिक्सेलच्या त्या चौकटीत डोळ्यांमध्ये साधारण 35 पिक्सेल असतात आणि डोळ्यांच्या रेषेपासून तोंड 40 च्या थोडं पुढे. मोठ्या माणसाला हे प्रमाण बरं बसतं. आमच्या स्कॅनमध्ये बाळाच्या डोळ्यांमध्ये 150 पिक्सेल होते आणि डोळ्यांपासून तोंड 140 वर. साच्याच्या हिशेबाने तोंड 173 वर हवं. साचा सगळीकडून सारखाच मोठा-लहान होतो, नुसता उंचीने आखडत नाही. त्यामुळे ही 33 पिक्सेलची तफावत पाच बिंदूंत वाटली जाते आणि एकही बिंदू नेमका आपल्या जागी बसत नाही.

त्यानंतर प्रोग्रॅम स्रोत-चेहऱ्याची ओळख 512 आकड्यांत घेतो आणि नवा चेहरा रंगवतो. त्या आकड्यांत धाकट्याची जी खूण सगळ्यात ठसठशीत होती, ती म्हणजे त्याचं नाक. बाळाच्या फोटोत उजेड फक्त नाकाच्या शेंड्यावर होता, बटणासारखा. नव्या चित्रात भुवयांच्या मधून शेंड्यापर्यंत उजेडाची सरळ पट्टी आली. कुठलाही बदललेला बाळचेहरा तपासायचा असेल तर आधी ही पट्टी बघा. नंतर नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बघा. बाळाचा गाल आतल्या चरबीच्या गादीमुळे ताणलेला असतो, न हसता तिथे घडी सहसा पडत नाही. शिवाय मुखवट्याची कड गालाच्या मधूनच जाते, कारण बाळाचा गाल साच्याबाहेर फुगलेला असतो. आमच्या चित्रात गालाचा आतला भाग पस्तिशीचा होता आणि बाहेरचा अकरा महिन्यांचा.

तोंडाची कथा वेगळीच. प्रोग्रॅमचं चित्र 128 पिक्सेलचं. ते मोठं केलं की धूसर दिसतं, म्हणून दादाने वरून चेहरा ‘साफ’ करणारं दुसरं सॉफ्टवेअर फिरवलं. त्याला उघड्या ओठांमध्ये एक फिकट धूसर पट्टा दिसला. ती हिरडी होती, पण अशा सॉफ्टवेअरने बघितलेल्या बहुतेक हसऱ्या तोंडांत तिथे दात असतात. त्याने दात काढून दिले, पुरी रांग. अकरा महिन्यांच्या मुलाला साधारण चार-सहा दात असतात आणि मूळ फोटोत खालचे दोनच दिसत होते. शिवाय दुधाचा वरचा पुढचा दात साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो आणि कायमचा साडेआठ. म्हणजे मोठ्याचे दोन दात जरी त्या तोंडात ठेवले असते तरी ते घोड्याचेच वाटले असते.

गेल्या काही वर्षांत यावर काम सुरू झालंय. बार्सिलोनातल्या संशोधकांनी 2020 च्या सुमारास बाळांच्या चेहऱ्याचा स्वतंत्र त्रिमितीय नमुना बनवायला घेतला. 2022 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या गटाने बाळांच्या चेहऱ्यावरचे बिंदू हाताने खुणावलेला 410 फोटोंचा संच मांडला. प्रौढांवर शिकलेले प्रोग्रॅम तिथे कमी पडतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. 410 म्हणजे काहीच नाही, पण सुरुवात तिथून आहे. आणि असे नमुने फोनवरच्या अॅपमध्ये आले तरी एक मर्यादा राहतेच. प्रौढ माणसाच्या फोटोत त्याचं बाळपणीचं नाक साठवलेलं नसतं. भावाच्या फोटोत तर नाहीच नाही. तिथून जे येईल तो अंदाज, कितीही सुबक असला तरी.

त्यामुळे आम्ही चेहरा बदलला नाही. दादाच्या चित्राला हात न लावता मूळ स्कॅन पुन्हा उघडला. डोळे, ओठ आणि नाकाचा शेंडा शाबूत होते, ते तसेच ठेवले. कपाळ आणि गालावरची भेग शेजारच्याच कातडीच्या तुकड्यांनी भरली, एका वेळी नखाएवढा भाग, आणि कागदाचा दाणा जुळवून घेतला. नाकाच्या मुळाशी माहिती नव्हतीच. धाकट्याच्या मुलीचा दहा महिन्यांचा, खिडकीच्या उजेडातला एक फोटो घरात होता. तिथून फक्त उजेड-सावलीचा उतार घेतला, आकार नाही, आणि तोही फिकट. नीट बघितलं तर तिथे अजून पुसट जागा दिसते. ती भरू का, असं धाकट्याने विचारलं. दादा म्हणाला, राहू द्या.

पाच बाय सातची प्रत निघाली. आजींनी चष्मा लावला आणि चेहऱ्याकडे नंतर बघितलं. आधी गालावर बोट फिरवून तीट शोधली. आधीच्या चित्रात ती मुखवट्याखाली गेली होती.