माती नव्हे, मोटार मोजा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी शेतकऱ्यासाठी काही करायचे म्हटले की बहुतेक गटांचा कौल ठरलेला असतो: जमिनीत ओलावा मोजणारा सेन्सर पुरायचा आणि माती सुकली की मोटार आपोआप चालू करायची. खर्च बेताचा, प्रात्यक्षिक नेटके. कालव्याखालच्या, जादा पाण्याने खारावणाऱ्या जमिनीत त्याचा उपयोगही आहे. वडूजच्या शिवारात मात्र ही मांडणी चुकीच्या जागी बोट ठेवते.

वडूजचा खटाव तालुका पर्जन्यछायेतला. पिकाला पाणी कधी हवे, हे इथल्या शेतकऱ्याला ढेकूळ हातात घेतले की कळते. अडते ते विहिरीतले पाणी आणि लाईन यांची वेळ जुळण्यावर. शेतीपंपाची थ्री-फेज वीज ठरावीक तास, तीही पुष्कळदा रात्री. ऑटो स्विचमुळे मोटार सुरू होते, विहीर उपसते, आणि पाण्यावरच थंड राहणारी सबमर्सिबल कोरडी फिरून जळते. तिथे ओलाव्याचा सेन्सर काय करणार? काळी माती भेगाळली की त्याच्याभोवती हवा शिरते, तो आणखीच कोरडे दाखवतो.

म्हणून प्रकल्प हवा तो कोरडी मोटार ओळखण्याचा. यावर परीक्षक म्हणतात, असे यंत्र बाजारात मिळते, यात नवे काय? साध्या यंत्रात बंद करण्याचा अँपिअर एकदाच ठरवलेला असतो, आणि चूक तिथेच होते. समजा ५ एचपीची मोटार दिवसा भारावर ८ अँपिअर घेते आणि कोरडी ५. मर्यादा साडेपाचला लावली. मध्यरात्री व्होल्टेज चढला की कोरड्या मोटारीचा करंटही वाढतो, सहाच्या आसपास जातो, आणि यंत्र गप्प बसते. वॅट मात्र फसवत नाहीत: पाणी संपले की पॉवर फॅक्टरही घसरतो, त्यामुळे वॅटमधली घट करंटमधल्या घटीपेक्षा ठळक दिसते. PZEM-004T हे मॉड्यूल एका फेजचे वॅट मोजते. सोबत आर्डुइनो, रिले आणि पेटी धरून काम दोन-तीन हजारांत बसते. पेटीपर्यंत न्यूट्रल आहे का, एवढे आधी पाहावे. रिले स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलच्या मालिकेत जोडायचा, तोही वायरमनकडून.

खरी अभियांत्रिकी पुढे आहे: बंद झालेली मोटार पुन्हा कधी चालवायची? पाणी तळाशी असताना झरे जोरात येतात, पातळी चढेल तसे मंदावतात. फार थांबलो तर लाईनचे तास वाया जातात. लवकर चालवली तर दर स्टार्टचा जादा करंट वाइंडिंग तापवतो. उत्तर मागच्या फेरीत सापडते. मोटार दहा मिनिटांत कोरडी पडली तर पुढची विश्रांती वाढवायची, अर्धा तास चालली तर कमी करायची. एप्रिलमधली विश्रांती ऑक्टोबरमधल्यापेक्षा लांब निघेल, आणि ही नोंद प्रत्येक विहिरीची वेगळी असेल. एकच फेज मोजल्याने दुसरी फेज गेल्याचे दर वेळी कळेलच असे नाही. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर वेगळा ठेवावाच लागतो.