आयर्लंडमधली चुकलेली गाडी आणि फौजेची 'झुलू' वेळ

इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, आपल्या बहुतेक घरांतलं कोणीतरी आज परदेशात आहे. त्यांच्याशी वेळ ठरवताना घोटाळे होतात. या घोटाळ्यांना इतिहास आहे आणि त्यांवरचा उपायही इतिहासातच सापडतो.

१८७६ साली सँडफर्ड फ्लेमिंग नावाचे रेल्वे इंजिनिअर आयर्लंडमध्ये प्रवास करत होते. कॅनडाच्या आरपार रेल्वे नेण्याच्या कामाचे ते प्रमुख होते. असं सांगतात, की छापील वेळापत्रकात 'ए. एम.'च्या जागी 'पी. एम.' पडलं होतं. ते संध्याकाळच्या गाडीसाठी गेले, तर गाडी पहाटेच निघून गेलेली. त्यानंतर त्यांनी चोवीस तासांचं घड्याळ आणि साऱ्या जगासाठी एकच प्रमाणवेळ यांचा पाठपुरावा केला. १८८४च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरलं, की जागतिक दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होईल आणि शून्य ते चोवीस असा मोजला जाईल.

फौजांनी हे पुढे उचललं. ब्रिटिश नौदलाने १९१५ साली, ब्रिटिश लष्कराने १९१८ साली आणि अमेरिकन लष्कराने १९४२ साली चोवीस तासांचं घड्याळ स्वीकारलं. कारण उघड आहे. 'पाचला हल्ला' असा हुकूम निघाला आणि पाच पहाटेचे की संध्याकाळचे हे कळलं नाही, तर माणसं मरतात.

बारा तासांच्या घड्याळात सर्वांत फसवे ते बारा. मेरिडिएम म्हणजे मध्यान्ह. दुपारचे बरोबर बारा मध्यान्हाच्या आधीचेही नाहीत आणि नंतरचेही नाहीत, मग त्यांना काय लावायचं? अमेरिकन सरकारच्या छपाई खात्याची नियमपुस्तिका २००८पर्यंत दुपारच्या बाराला 'ए. एम.' म्हणत होती. त्या वर्षी तिने नियम उलटा केला. जिथे नियमच पालटला, तिथे वाचणाऱ्याने काय समजावं? म्हणून बाराला 'दुपार' किंवा 'मध्यरात्र' हा शब्द लिहावा, नाहीतर 12:00 आणि 00:00.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून आपण सहज म्हणतो, 'मंगळवारी रात्री साडेबाराला'. घड्याळाच्या हिशेबात तो बुधवार झालेला असतो. रात्री साडेबाराच्या गाडीला लोक एक दिवस उशिरा पोचतात, ते यामुळेच.

आता तारीख. आपण आधी दिवस लिहितो, अमेरिकन आधी महिना. '26/11' वाचताना कोणी फसत नाही, कारण सव्विसावा महिनाच नाही. पण '9/11' म्हणजे अमेरिकेत ११ सप्टेंबर, तर जर्मनीत दिवस-महिना क्रमाने वाचलं तर ९ नोव्हेंबर, म्हणजे १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली तो दिवस. धोका पहिल्या बारा दिवसांत आहे. बारा महिन्यांचे असे १४४ दिवस होतात. त्यातले 5/5 सारखे बारा वगळले, की वर्षात १३२ तारखा दोन्ही बाजूंनी वाचता येतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. न्यू जर्सीहून निरोप आला: '03/11/2025, 8:30 PM'. अमेरिकन पद्धतीने हा ११ मार्च. तिथे घड्याळं ९ मार्चला एक तास पुढे गेली होती, म्हणून ते ग्रीनिचच्या चार तास मागे. रात्री साडेआठ म्हणजे ग्रीनिचला १२ मार्चचे 00:30. त्यात आपले साडेपाच तास मिळवा: भारतात १२ मार्च, सकाळी सहा. हाच निरोप ३ नोव्हेंबर असा वाचला तर? तिथली घड्याळं २ नोव्हेंबरला परत मागे आली होती, फरक पाच तासांचा, म्हणून भारतात ४ नोव्हेंबर, सकाळी सात. म्हणजे महिना चुकला की तासही चुकतो.

फौजी पद्धतीत हीच वेळ अशी लिहितात:

```
120030Z MAR 25
```

आधी दिवस, मग तास-मिनिटं, मग विभागाचं अक्षर, मग महिना आणि वर्ष. Z म्हणजे 'झुलू', ग्रीनिचची वेळ. महिना अक्षरांत असल्याने तो दिवसाशी अदलाबदल होत नाही. मात्र ही अक्षरं पूर्ण तासांच्या विभागांची आहेत. आपली वेळ साडेपाच तासांची असल्याने ती एका अक्षरात नीट बसत नाही.

घरच्या निरोपाला इतकं सोवळं नको. १९८८च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार 2025-03-12 असं वर्ष आधी लिहिलं तरी चालतं. पण मी साधं वाक्य सुचवतो: 'बुधवार, १२ मार्च २०२५, भारतात सकाळी ६, तुमच्याकडे मंगळवार, ११ मार्च, रात्री ८:३०.' वार लिहिला, की तो तारखेवर पहारा देतो. ३ नोव्हेंबर २०२५ हा सोमवार होता. समोरच्याने तारीख उलटी वाचली, तर 'मंगळवार' जुळणार नाही आणि तो उलट विचारेल. निरोप पोचल्यावर त्यानेही वार आणि वेळ आपल्या शब्दांत परत लिहावी. वायरलेसवर हुकूम परत म्हणून घेतात, तो याचसाठी.