रक्त आधी, गोळी नंतर!
उपाशीपोटी तपासणीच्या दिवशी मधुमेहाच्या औषधांचे वेळापत्रक

सकाळी पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर रांगेत बसलेल्या मधुमेही रुग्णांपैकी काहींनी घरून निघतानाच नेहमीची गोळी घेतलेली असते, तर काहींनी तपासणी आहे म्हणून त्या दिवसापुरती गोळी बंदच ठेवलेली असते. या दोन्ही चुका आहेत. साधा नियम असा, की उपाशीपोटीच्या नमुन्यासाठी रक्त आधी द्यावे आणि त्यानंतर नेहमीची गोळी नेहमीच्या न्याहारीबरोबर घ्यावी.

उपाशीपोटीच्या तपासणीसाठी किमान आठ तास अन्न वर्ज्य असते. साधे पाणी चालते. चहा मात्र बिनसाखरेचाही टाळावा. रात्रभर पोटात अन्न नसताना यकृत रक्तात साखर सोडत असते. त्यावर आदल्या दिवशीच्या औषधांचा ताबा किती राहिला, हे हा आकडा सांगतो. म्हणून रात्रीची गोळी चुकवू नये. सकाळची गोळी ही पुढच्या जेवणासाठी असते. ती नमुन्यापूर्वी घेतल्याने तपासणीला काहीच लाभ होत नाही, धोका मात्र वाढतो.

हा धोका प्रामुख्याने ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्यांचा. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडतात, मग पोटात अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार उतरत नाही; पण रिकाम्या पोटी मळमळ होते, म्हणून तीही अन्नाबरोबरच घ्यावी. अनेकांच्या एकाच गोळीत ही दोन्ही औषधे एकत्र असतात, त्यामुळे वेष्टनावरील नावे वाचून घ्यावीत.

एक उदाहरण

समजा, पुण्यातील ५८ वर्षांचे एक गृहस्थ सकाळी न्याहारीपूर्वी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्रित गोळी घेतात. रात्रीचे जेवण त्यांनी नऊ वाजता संपवले. सकाळी सव्वासातला लॅबमध्ये रक्त दिले, तेव्हा सव्वादहा तासांचा उपास झाला होता. घरी परतून पावणेआठला गोळी आणि आठ वाजता नेहमीचे पोहे. जेवणानंतरचा, म्हणजे पीपीचा नमुना दहा वाजता द्यायचा; कारण दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, शेवटच्या घासापासून नव्हे.

याच गृहस्थांनी साडेसहालाच गोळी घेतली आणि रांगेमुळे रक्त द्यायला नऊ वाजले, तर? अडीच तास औषध काम करीत आहे आणि पोट रिकामे आहे. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, कडाडून भूक ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी नमुन्याचा हट्ट सोडून तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून लगेच घ्यावी. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास तेवढीच मात्रा पुन्हा घ्यावी. अकार्बोज वा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनी ग्लुकोजच घ्यावे, कारण या औषधांमुळे साध्या साखरेचे पचन रेंगाळते. रुग्ण बेशुद्ध होत असल्यास तोंडात काही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

गोळी टाळल्याने फसगत

दुसरी चूक सहज लक्षात येत नाही. हेच गृहस्थ गोळी न घेता पोहे खाऊन दहा वाजता रक्त देतात आणि पीपीचा आकडा चढा येतो. वास्तविक तो औषधाविना आलेला आकडा आहे. डॉक्टरांना हे ठाऊक नसेल, तर औषध अपुरे पडते असे समजून ते मात्रा वाढवू शकतात. वाढलेली मात्रा रोज घेतल्यावर मग साखर उतरण्याचे प्रसंग सुरू होतात. पीपी तपासणी उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी असते. म्हणून त्या दिवशी गोळी आणि न्याहारी दोन्ही नेहमीचीच हवीत. गोळी चुकलीच असेल, तर अहवाल दाखविताना तसे स्पष्ट सांगावे.

काही अपवाद

सेमाग्लुटाइडची गोळी रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर, अन्नापूर्वी किमान अर्धा तास घ्यायची असते. ती रक्त दिल्यावर घेऊन न्याहारी अर्धा तास लांबवावी. सकाळच्या जेवणाचे इन्सुलिनही नमुन्यानंतर, अन्न समोर आल्यावरच घ्यावे. रात्रीच्या दीर्घकालीन इन्सुलिनबाबत डॉक्टरांना आधी विचारावे. रक्तदाबाची गोळी मात्र सहसा नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घेता येते. केवळ एचबीएवनसी तपासायचे असेल, तर उपाशी राहण्याचीही गरज नाही, गोळी पुढे ढकलण्याचीही नाही.

शक्यतो लॅब उघडताच पहिल्या क्रमांकाची वेळ घ्यावी आणि गोळी, ग्लुकोज पावडर व न्याहारीचा डबा सोबत ठेवावा. मग रांग लांबली तरी रक्त दिल्यानंतर घरी पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही.