जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पशुखाद्य आणि अफ्लाटॉक्सिन

अफ्लाटॉक्सिन हे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशींनी तयार केलेले विष आहे. मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, भरडा आणि ओलसर राहिलेले तयार खाद्य यांत ते प्रामुख्याने आढळते. त्याच्या बी-1, बी-2, जी-1 व जी-2 या चार मुख्य प्रकारांपैकी बी-1 सर्वांत घातक मानला जातो. कोंबड्या व जनावरे यांच्या यकृतावर त्याचा पहिला आघात होतो. दुभत्या जनावराने खाल्लेल्या विषाचा काही अंश एम-1 या रूपाने दुधात उतरतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन हे शेतीचे प्रमुख जोडधंदे आहेत. त्यामुळे खाद्याची साठवण हा तेथे पशुआरोग्याचा आणि दुधाच्या शुद्धतेचा प्रश्न ठरतो.

## शोध

1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पिल्ले काही महिन्यांत दगावली. कारण समजत नसल्याने या रोगाला 'टर्की एक्स' असे नाव पडले. पुढे ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत दोष असल्याचे निष्पन्न झाले आणि त्या तपासातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. भारतात 1974 साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भागांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने माणसांत यकृतरोगाची साथ उद्भवली आणि त्यात शंभराहून अधिक मृत्यू झाले. तेच अन्न खाणारी गावांतील कुत्रीही दगावली होती.

## प्रादेशिक पार्श्वभूमी

या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीला लागून असून माळशेज, नाणेघाट व भीमाशंकर या परिसरात पाऊस मुसळधार पडतो. पूर्वेकडे आणे पठारासारखा भाग पर्जन्यछायेत येतो. अफ्लाटॉक्सिनचा धोका या दोन्ही टोकांना असतो, परंतु त्याची वाट वेगवेगळी असते.

पूर्वेकडील कोरडवाहू भागात विषाची सुरुवात शेतातच होऊ शकते. भुईमुगाच्या शेंगा भरताना किंवा मक्याचे कणीस पक्व होताना पावसाने ओढ दिली की पिकाची प्रतिकारशक्ती कमी होते, दाण्यांना तडे जातात आणि मातीतील बुरशी आत शिरते. पश्चिमेकडे व नदीकाठच्या गावांत मुख्य धोका साठवणीत असतो. जून ते सप्टेंबर हवा दमट राहते, तर काढणीच्या वेळी येणारा परतीचा पाऊस खळ्यावरील मका भिजवतो. शिवाय बहुतेक गोठ्यांत पेंड व सरकी बाहेरून विकत आणलेली असते. दूरच्या गोदामात भिजलेले पोते कोरड्या गावातही पोहोचू शकते.

शेंगदाणा पेंडीबाबत आणखी एक कारण आहे. तेल गाळण्यासाठी पुष्कळदा खाण्यास अयोग्य ठरलेले बारीक, फुटके व काळपट दाणे वापरले जातात. गाळपात विषाचा मोठा भाग तेलाबरोबर न जाता पेंडीतच राहतो.

## यकृतावरील परिणाम

बी-1 हे मूळ रूपात तितकेसे क्रियाशील नसते. यकृतातील विकरे त्याचे रूपांतर एका अतिक्रियाशील संयुगात करतात. हे संयुग पेशींतील प्रथिनांना आणि डीएनएला चिकटते. परिणामी पेशी मरतात, प्रथिननिर्मिती मंदावते आणि यकृतात चरबी साचते. दीर्घकाळ संपर्क राहिल्यास कर्करोग संभवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनचा समावेश मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केला आहे.

कोंबड्यांमध्ये यकृत मोठे, पिवळसर व ठिसूळ होते आणि त्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. विषाची मात्रा अल्प असेल तर मरतूक होत नाही. पक्षी खाद्य खातात, पण वजन धरत नाहीत, तुरे फिकट पडतात आणि अंडी घटतात. रोगप्रतिकारशक्ती निर्माण करणाऱ्या ग्रंथी आक्रसल्याने राणीखेत (मानमोडी) व गंबोरो या रोगांच्या लसी दिल्यानंतरही पुरेसे संरक्षण मिळत नाही. त्यामुळे दोष लशीवर जातो आणि खाद्य तपासायचे राहून जाते. बदके व टर्की यांची पिल्ले सर्वांत संवेदनशील असतात. त्या मानाने कोंबड्या अधिक तग धरतात.

गाईगुरांत वासरे मोठ्या जनावरांपेक्षा लवकर बाधित होतात. भूक मंदावणे, केस राठ होणे, दूध घटणे आणि तीव्र बाधेत कावीळ किंवा पोटात पाणी होणे ही लक्षणे आढळतात. यांपैकी एकही लक्षण केवळ अफ्लाटॉक्सिनचे नाही. अतिऊर्जायुक्त आहारानेही अंडी देणाऱ्या कोंबडीचे यकृत चरबीयुक्त होते. म्हणून शवविच्छेदनावरून संशय घेता येतो, निदानासाठी मात्र खाद्याची तपासणी आवश्यक असते. पशुवैद्यकामार्फत नमुने पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात.

## दुधातील अंश

गाईने बाधित खाद्य खाल्ल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत एम-1 दुधात दिसू लागते. खाल्लेल्या बी-1 पैकी सामान्यतः 1 ते 3 टक्के भाग या मार्गाने बाहेर पडतो. अधिक दूध देणाऱ्या गाईंत हे प्रमाण सुमारे 6 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दूषित खाद्य थांबवल्यावर तीन-चार दिवसांत अंश जवळजवळ नाहीसा होतो.

भारतीय मानकांनुसार गाईगुरांच्या व कोंबड्यांच्या मिश्र खाद्यात बी-1 ची कमाल मर्यादा एका किलोत 20 मायक्रोग्रॅम आहे. हे प्रमाण इतके सूक्ष्म आहे की एक ग्रॅम विष 50 टन खाद्याला या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे ठरते. दुधात एम-1 ची भारतीय मर्यादा एका किलोत 0.5 मायक्रोग्रॅम, तर युरोपीय संघाची 0.05 मायक्रोग्रॅम आहे.

उदाहरणादाखल दिवसाला 20 लिटर दूध देणारी आणि 6 किलो खुराक खाणारी संकरित गाय घेता येईल. खुराकात मानकाइतकेच, म्हणजे किलोमागे 20 मायक्रोग्रॅम विष असेल तर तिच्या पोटात दिवसाला 120 मायक्रोग्रॅम जाते. त्याचे 2 टक्के म्हणजे 2.4 मायक्रोग्रॅम 20 लिटर दुधात विभागले असता लिटरमागे 0.12 इतका अंश येतो. हे दूध भारतीय मर्यादेत बसते, युरोपीय मर्यादेत बसत नाही. आता त्याच खुराकात 5 किलो निर्दोष मिश्रणाबरोबर केवळ 1 किलो शेंगपेंड अशी असेल की तिच्यात किलोमागे 500 मायक्रोग्रॅम विष आहे, तर दुधात उतरणारे 10 मायक्रोग्रॅम लिटरमागे 0.5 होतात. एका किलो वाईट पेंडीने दूध मर्यादेच्या काठावर येते आणि गाय मात्र निरोगी दिसत राहते.

दूध तापवल्याने किंवा पाश्चरीकरणाने एम-1 नष्ट होत नाही. ते दुधातील केसिन या प्रथिनाला धरून राहत असल्याने पनीर व चीज यांत त्याची तीव्रता मूळ दुधापेक्षा वाढते. अंड्यांत उतरणारा अंश त्या मानाने फार अल्प असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 साली केलेल्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुन्यांत, म्हणजे 5.7 टक्क्यांत, एम-1 मर्यादेपेक्षा अधिक आढळले. हे विष दुधात पशुखाद्यातून येते, असे त्या अहवालात नमूद आहे.

## सुरक्षित साठवण

बुरशीला उष्णतेपेक्षा ओलावा अधिक पोषक ठरतो. मक्यातील ओलावा 13 टक्क्यांखाली आणि शेंगदाण्यातील 7 ते 8 टक्क्यांच्या आसपास असला तर तिची वाढ सहसा होत नाही. शेतकऱ्यांना घरी करता येण्याजोगी एक परीक्षा मिठाची आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत तृतीयांश भाग मका व दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवतात आणि पंधरा मिनिटे ठेवतात. मीठ काचेला चिकटले तर ओलावा सुमारे 15 टक्क्यांहून अधिक असतो. मीठ न चिकटणे म्हणजे धान्य साठवणयोग्य झाले असे नव्हे. त्यानंतरही आणखी एक-दोन दिवसांचे ऊन आवश्यक असते.

कोरडे धान्यही साठवणीत ओले होऊ शकते. पत्र्याच्या छपराखाली दिवसा पोत्यातील हवा तापते व दाण्यांतील ओलावा घेते. रात्री पत्रा थंड झाला की हा ओलावा थेंबांच्या रूपाने वरच्या थरावर उतरतो. म्हणूनच पुष्कळदा थप्पीतील वरची व भिंतीला टेकलेली पोती प्रथम बुरशीने धरतात. यावर उपाय म्हणजे पोती जमिनीपासून सुमारे वीतभर उंच लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचणे, कोरड्या दिवशी खिडक्या उघडणे आणि पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपुरतेच खाद्य आणणे. आधी आलेले पोते आधी संपवावे लागते. गव्हाणीत, खाद्यपात्रांत व कोपऱ्यांत चिकटलेले जुने खाद्य नव्या खाद्याला बुरशीचे विरजण लावते, त्यामुळे ते खरवडून काढणे आवश्यक असते. मुरघासाचा खड्डा किंवा पिशवी उघडल्यावर रोज पूर्ण थर काढला नाही, तर हवा लागलेल्या पृष्ठभागावर बुरशी वाढते.

## ओळख व मर्यादा

डोळ्यांना दिसणारी हिरवट-पिवळी बुरशी ही धोक्याची खूण आहे, मात्र ती विषाचे मोजमाप नव्हे. बुरशी मरून गेल्यावरही विष टिकते. त्यामुळे वाळवून, पाखडून स्वच्छ दिसणारे खाद्य बाधित असू शकते. विषाचे वितरणही असमान असते. एका पोत्यात शेकडो निर्दोष दाण्यांमध्ये एखादाच दाणा अत्यंत विषारी निघतो. एका ठिकाणची मूठभर भरड तपासल्यास निष्कर्ष फसवा येतो. अनेक पोत्यांच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागातून थोडे थोडे खाद्य घेऊन ते मिसळतात, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवतात आणि असे करत साधारण किलोभर नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत पाठवतात. प्लॅस्टिक पिशवीत ओलावा कोंडून वाटेतच बुरशी वाढते.

प्रोपिओनिक आम्लासारखे बुरशीरोधक पुढील वाढ थांबवतात, आधी तयार झालेले विष नाहीसे करत नाहीत. बेंटोनाइटसारखी बंधक माती खाद्यात मिसळल्यास ती आतड्यात बी-1 धरून ठेवते आणि दुधातील अंश काही प्रमाणात कमी होतो. तिचा उपयोग सौम्य बाधेपुरता आहे. काळे पडलेले, गोळे झालेले किंवा कुबट वासाचे खाद्य चांगल्यात मिसळून खपवणे हा त्यावरील उपाय ठरत नाही, कारण मिसळण्याने विष कमी होत नाही, ते अधिक जनावरांत वाटले जाते. दुभत्या जनावरांना न देता कोंबड्यांना देणे हेही तितकेच घातक आहे. असे खाद्य नष्ट करणे हाच मार्ग उरतो.