डबक्यातलं प्रतिबिंब खोटं का वाटतं?

पावसात भिजलेला रस्ता, त्यावर साचलेलं पाणी आणि दुसऱ्या फोटोतून कापून तिथे उभी केलेली व्यक्ती. अशा एडिटमध्ये प्रतिबिंब दाखवण्यासाठी बहुतेक जण व्यक्तीच्या लेअरची कॉपी करतात आणि फोटोशॉपमधल्या Flip Vertical ने ती उलटी करतात. तरीही फोटो पाहताना काहीतरी खटकतं. असं का होतं?

पाण्यात दिसते ती खालची बाजू

कॅमेरा जमिनीपासून जितका वर आहे, तितकाच जमिनीखाली दुसरा कॅमेरा आहे अशी कल्पना करा. त्याला जे दिसेल, तेच उलटं होऊन पाण्यात दिसतं. उभं राहून लहान मुलाचा फोटो काढला, तर फोटोत त्याचा माथा दिसतो, पण पाण्यात हनुवटीची खालची बाजू दिसते. ती उलट्या कॉपीत नसतेच. त्यासाठी त्याच पोझमधला, अगदी खालून काढलेला दुसरा फोटो लागतो.

किती भाग दिसेल?

समजा, कॅमेरा १.५ मीटर उंचीवर आहे, व्यक्ती ३ मीटरवर उभी आहे आणि पाणी २ मीटरपासून तिच्या पायांपर्यंत पसरलं आहे. कॅमेऱ्याकडून डबक्याच्या जवळच्या काठाकडे जाणारी नजर २ मीटरमध्ये दीड मीटर खाली उतरते. पाण्यावरून ती तितक्याच उताराने वर चढते आणि उरलेल्या १ मीटरमध्ये ७५ सेंटीमीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे पाण्यात मांड्यांपर्यंतच दिसेल. उंची १.७ मीटर असेल, तर चेहरा दिसण्यासाठी पाणी कॅमेऱ्यापासून साधारण १.४ मीटरपर्यंत पुढे आलेलं हवं.

एडिट करताना उलटी कॉपी पाय जमिनीला टेकतात तिथेच जोडायची आणि पाण्याबाहेरचा भाग मास्कने झाकायचा. व्यक्ती डबक्याच्या मागे थोडी दूर उभी असली, तरी जोड पायांशीच राहतो. तो डबक्याच्या काठाला लावला, की व्यक्ती तरंगल्यासारखी वाटते. एक पाऊल पुढे असेल, तर दोन्ही पायांची प्रतिबिंबं वेगवेगळी जुळवावी लागतात.

प्रतिबिंब फिकं कुठे होतं?

पाण्याकडे तिरकं पाहिलं तर ते जास्त प्रकाश परावर्तित करतं. सरळ वरून पाहिलं तर जेमतेम २ टक्के. वरच्या उदाहरणात पायांजवळ हे प्रमाण साधारण ८ टक्के, तर कॅमेऱ्याजवळच्या काठाशी सुमारे ४ टक्के भरतं. म्हणून प्रतिबिंब आपल्याकडे येताना फिकं होत जायला हवं. व्यक्तीमुळे आकाशाचं प्रतिबिंबही अडतं. त्यामुळे गडद कपड्यांच्या जागी डबक्याचा तळ, खडी किंवा पानं दिसू लागतात. एकसारखी ओपॅसिटी ठेवली, तर हा फरक हरवतो.

फोटो तपासायचा असेल तर

कॅमेरा सरळ धरलेला असेल, तर नाकाचं टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत येतात. कोपर, बॅग, मागचा विजेचा खांब यांचंही तसंच. खांबाची रेषा उभी आणि माणसाची तिरकी असेल, तर माणूस नंतर आणून उभा केलेला असण्याची शक्यता मोठी.