कुवेतच्या ग्राहकासाठी वऱ्हाडी पोस्ट : पुस्तकी अरबी की बोलीभाषा?

मंगरूळपीरच्या एका कुटुंबाने आमच्याकडे एका पोस्टचा स्क्रीनशॉट आणला. त्यांचा मुलगा कुवेतमध्ये एका हॉटेलात बिर्यानी करतो. गावाकडच्या मित्राने तिथे जेवून लिहिलं होतं : "काय सांगू बे, लय भारी बिर्यानी हाय! पैसा वसूल." मुलाला हेच शब्द अरबीत करून कुवेती ग्राहकांना दाखवायचे होते. मदरशात शिकलेल्या एका नातेवाइकाने करून दिलं होतं : "हाज़ा अल-बिर्यानी लज़ीज़ुन जिद्दन." व्याकरणात चूक नाही, पण जेवून उठलेला पोरगा असं बोलत नाही, बातम्या वाचणारा बोलतो. पुस्तकी अरबी, म्हणजे फ़ुस्हा, घरात कुणी बोलत नाही.

म्हणून आधी ठरवायचं की वाचणारा कुठला. "खाडीची अरबी" म्हणूनही भागत नाही. "खूप" या एका शब्दाला कुवेत, बहरीन, दुबईत "वायिद" म्हणतात, जेद्दा-रियाधकडे "मर्रा", आणि शाम भागात, म्हणजे सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, फ़लस्तीनमध्ये, "कतीर". "आत्ता"साठी खाडीत "अल-हीन", शाममध्ये "हल्ला". "मला पाहिजे"साठी खाडीत "अबी" किंवा "अबग़ा", शाममध्ये "बिद्दी". एकाच वाक्यात "वायिद" आणि "बिद्दी" आले, तर वाचणाऱ्याला वऱ्हाडी आणि मालवणी एकत्र ऐकल्यासारखं वाटतं. शब्दकोशातून शब्द गोळा केले की हमखास असंच होतं.

आता आपलं वाक्य घेऊ. "काय सांगू" ही बोलण्याची सुरुवात आहे, उत्तर मागणारा प्रश्न नाही. तिला कुवेतीत जवळजवळ जुळा भाऊ आहे : "शगूल लक", म्हणजे तुला काय सांगू. "बे"चं भाषांतर करायचं नाही, त्याचं काम ओळखायचं. तो मित्राला मारलेला दोस्तीचा धक्का आहे. पण हॉटेलच्या भिंतीवर थोरामोठ्यांसमोर तो नको, म्हणून "या ख़ूय", माझ्या भावा. "लय भारी"साठी आम्ही "ता'मा अजीब" सुचवलं, म्हणजे याची चव अफलातून. इथेच घरात वाद झाला. मुलाचे अब्बा म्हणाले, "अहो सर, अजीब म्हणजे विचित्र! स्वतःच्याच बिर्यानीला नावं ठेवायची का?" उर्दूत ते बरोबर, पण खाडीच्या बोलीत चांगल्या गोष्टीला "अजीब" म्हणणं ही तारीफ आहे. आपल्यासारख्या उर्दूवाल्यांना असे ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. "ग़रीब" तिकडे पैसे नसलेला नाही, परका किंवा नवलाचा. उलट "ख़ोश" हा फारसी शब्द कुवेतीत "चांगला" म्हणून सर्रास चालतो आणि आपल्याला तो लगेच कळतो.

"पैसा वसूल"साठी "यिस्वा फ़लूसह", म्हणजे पैशाच्या लायक. पूर्ण वाक्य झालं : "शगूल लक या ख़ूय, अल-बिर्यानी ता'मा अजीब! यिस्वा फ़लूसह."

हेच अम्मानच्या माणसासाठी केलं तर शब्दच बदलतात : "शू बिद्दी इल्लक या ज़लमे, ल-बिर्यानी बयाख़द ल-अअल! बिस्ताहल." मधला भाग म्हणजे "अक्कल उडवते". तिथे "या ज़लमे" हे "बे"च्या बरंच जवळ जातं, आणि पैशाला "फ़लूस"ऐवजी "मसारी" म्हणतात. आणखी एक सापळा : शाममध्ये "माशी" म्हणजे "ठीक आहे", तर ओमान आणि अमिरातीत "माशी" म्हणजे "नाही, काही नाही". ऑर्डर कबूल करताना हा शब्द लिहिलात तर ग्राहक निघून जाईल.

मग टायपिंग. आपल्या मोबाईलवर उर्दू कीबोर्ड असतो आणि त्यातली अक्षरं अरबीपेक्षा वेगळी नोंदली जातात : उर्दू ये `U+06CC`, अरबी या `U+064A`, उर्दू काफ `U+06A9`, अरबी काफ `U+0643`. शब्दाच्या शेवटी उर्दू येला खाली नुक्ते नसतात, खाडीत ते लिहितात. चित्रात हे खपून जातं, पण खाली लिहिलेल्या मजकुरात तीच अक्षरं राहिली तर अरबी कीबोर्डवरून शोधणाऱ्याला ती पोस्ट सापडेलच असं नाही. म्हणून अरबी कीबोर्ड वेगळा घ्यावा आणि नस्तालीकऐवजी नस्ख फॉन्ट वापरावा. चारचा आणि सातचा आकडाही दोन्हीकडे वेगळा दिसतो. भाव लिहिताना तेवढा तपासावा.

मूळ स्क्रीनशॉटवर रंग मारून अरबी शब्द बसवू नयेत, कारण मग मित्राने ते अरबीतच लिहिलं असं दिसतं. मूळ तसंच ठेवून खाली "तर्जमा" लिहून अरबी ओळ द्यावी, मित्राची परवानगी घ्यावी आणि त्याचं नाव-फोटो झाकावा.

शेवटची तपासणी माणसानेच करावी. मुलाने ओळ हॉटेलातल्या कुवेती गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचायला दिली. तो हसला, पण "ता'मा"च्या जागी त्याने स्वतःहून "तअमह" असा उच्चार केला आणि पुढे वाचत गेला. अडखळला असता किंवा "हे कुणी लिहिलं?" म्हणाला असता, तर आम्ही ओळ बदलली असती.